मराठीआधीची खोटी भाषा

एखादं मोबाइल ॲप मराठीत आणायचं ठरलं की साधारण ठरलेल्या क्रमाने कामं होतात. प्रोग्रामर इंग्रजी मजकूर एका फाईलमध्ये गोळा करतात, फाईल भाषांतरकाराकडे जाते, काही आठवड्यांनी मराठी मजकूर परत येतो आणि मग कुणीतरी फोन मराठीत लावून पाहतं. तेव्हा कळतं की निम्मी बटणं अजून इंग्रजीच बोलत आहेत, काही शब्द अर्ध्यावर तुटले आहेत आणि एका ओळीतल्या वेलांट्यांची टोकंच उडाली आहेत. इंग्रजी राहिलेली वाक्यं भाषांतरकाराच्या फाईलमध्ये नव्हतीच. म्हणजे पुन्हा कोड बदला, पुन्हा फाईल पाठवा, पुन्हा वाट पाहा.

यातल्या बहुतेक चुकांचा मराठीशी थेट संबंध नसतो. ॲप इंग्रजीखेरीज दुसऱ्या कुठल्याही भाषेत दाखवलं असतं तरी त्या दिसल्या असत्या. मग खऱ्या भाषांतराची वाट कशाला पाहायची? ॲपला एक खोटी भाषा शिकवली तरी काम होतं. या युक्तीला स्युडो-लोकलायझेशन म्हणतात. प्लंबर टाकीत रंगीत पाणी सोडून गळती कुठे आहे ते शोधतो, तसाच हा प्रकार आहे. इथे पाण्याऐवजी मजकूर रंगवायचा असतो. मायक्रोसॉफ्टने विंडोज व्हिस्टापासून अशा खोट्या भाषा विंडोजमध्येच ठेवल्या, ॲपलच्या एक्सकोडमध्येही त्या आहेत. आपण इथे अँड्रॉइडचं उदाहरण घेऊ, कारण अँड्रॉइडवर ही सोय अगदी सहज चालू करता येते.

अँड्रॉइडमध्ये `en-XA` नावाची एक खोटी भाषा तयारच असते. ॲप बांधण्याच्या फाईलमध्ये एवढंच लिहायचं:

```kotlin
android {
    buildTypes {
        getByName("debug") {
            isPseudoLocalesEnabled = true
        }
    }
}
```

ही खोटी भाषा फक्त चाचणीसाठी बांधलेल्या ॲपमध्ये येते, ग्राहकांना मिळणाऱ्या ॲपला तिचा स्पर्श होत नाही. फोनमध्ये डेव्हलपर ऑप्शन्स चालू केले की भाषांच्या यादीत `English (XA)` दिसू लागतं. ती भाषा निवडून ॲप उघडायचं. फाईलमधल्या प्रत्येक इंग्रजी मजकुराचं आता तीन प्रकारे रूप बदललेलं असतं. अक्षरांवर टोप्या आणि शेपट्या चढलेल्या असतात, मजकूर लांबवण्यासाठी शेवटी `one two` असे फालतू शब्द जोडलेले असतात आणि दोन्ही टोकांना चौकोनी कंस असतात. `Search` हा शब्द पडद्यावर असा दिसतो:

```
[Šéåŕçĥ one]
```

वाचता येतं, म्हणून इंग्रजी जाणणारा कुणीही ॲप वापरू शकतो. पण कुठला मजकूर या रंगातून गेला आणि कुठला नाही, हे बघताक्षणी कळतं.

समजा, एसटी किंवा खासगी बसची तिकिटं काढून देणारं एक ॲप आहे. पहिल्या पडद्यावर शोधाचा रकाना कंसात आहे, मथळा कंसात आहे, पण खालचं `Book` बटण मात्र साधंसुधं, टोपीविना उभं आहे. याचा अर्थ प्रोग्रामरने तो शब्द मजकुराच्या फाईलमध्ये न ठेवता थेट कोडमध्ये लिहून टाकला आहे. असा शब्द भाषांतरकारापर्यंत कधीच पोहोचत नाही. अँड्रॉइडचं लिंट हे तपासणी साधन असे काही शब्द आधीच पकडतं, पण त्याची नजर फक्त ॲपच्या कोडवर असते. सणाच्या सवलतीची जाहिरात चित्रात रंगवलेली असेल, किंवा `Seat already booked` हा निरोप सर्व्हरकडून जसाच्या तसा येत असेल, तर लिंटला ते दिसत नाही. पडद्यावर मात्र दोन्ही कोरेच्या कोरे उघडे पडतात. चित्रातला मजकूर चित्राबाहेर काढावा लागतो. सर्व्हरने वाक्याऐवजी एखादा सांकेतिक क्रमांक पाठवायचा आणि वाक्य ॲपने आपल्या फाईलमधून दाखवायचं, अशी दुरुस्ती करावी लागते.

मात्र टोपी नसलेला प्रत्येक शब्द चूक नसतो. प्रवाशाचं नाव, तिकिटाचा क्रमांक, कंपनीचं बोधनाम हे बदलायला नकोच असतं. म्हणून पडद्यांची चित्रं घेऊन एका माणसाने बसून खुणा कराव्या लागतात.

दुसरी चूक कंस मोजून सापडते. बसच्या यादीत एका ओळीत असं दिसलं:

```
[Šţåŕţš îñ one] 20 [ɱîñûţéš one]
```

एका वाक्यात कंसांच्या दोन जोड्या. म्हणजे प्रोग्रामरने `Starts in` आणि `minutes` हे तुकडे वेगवेगळे ठेवून मधे आकडा चिकटवला आहे. इंग्रजीत हे खपून जातं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, आपण ‘२० मिनिटांत सुटेल’ म्हणतो. भाषांतरकाराने दोन्ही तुकड्यांचं भाषांतर अचूक केलं तरी पडद्यावर ‘सुटेल २० मिनिटांत’ असंच उलटं वाक्य येणार, आणि त्याच्या हातात ते सुलटं करायचा काही मार्ग नाही. उपाय म्हणजे पूर्ण वाक्य एकाच नोंदीत ठेवायचं आणि आकड्याच्या जागी `%1$d` अशी खूण ठेवायची. मग भाषांतरकार ती खूण वाक्यात हवी तिथे हलवू शकतो. दुरुस्तीनंतर त्या ओळीला कंसांची एकच जोडी राहते.

तिसरी चूक कंस हरवल्यावर कळते. तिकीट रद्द करण्याच्या बटणावर मजकूर `[Çåñçéļ ţîç` इथेच थांबत असेल आणि बंद होणारा कंस दिसत नसेल, तर चौकट अपुरी आहे. इंग्रजी मजकूर जितका छोटा, तितकं त्याचं भाषांतर प्रमाणात जास्त वाढतं. आयबीएमच्या जुन्या मार्गदर्शक तक्त्यात दहा अक्षरांपर्यंतच्या इंग्रजी मजकुराला भाषांतरात दोन ते तीन पट जागा धरायला सांगितलं आहे, तर सत्तर अक्षरांहून मोठ्या मजकुराला सुमारे तीस टक्के वाढ पुरते. मराठीत याचं कारण सहज दिसतं. `OK` चं ‘ठीक आहे’ होतं, `Share` चं ‘शेअर करा’ होतं. बटणावरच्या एकेका इंग्रजी शब्दाला आपल्याकडे ‘करा’ जोडावं लागतं.

इथवरची कामं `en-XA` चोख करते. पण तिची अक्षरं शेवटी रोमनच. त्यांना वर टोपी असते, म्हणून ओळीच्या वरच्या बाजूची काटछाट थोडीफार कळते. देवनागरीला मात्र वर आणि खाली दोन्हीकडे जागा लागते. वर वेलांटी, तिच्यावर अनुस्वार, शेजारी रफार, आणि खाली जोडाक्षरांची उतरंड व तिला लटकलेला उकार. ‘राष्ट्रीय’ किंवा ‘शुद्धी’ लिहिलेल्या ओळीची उंची कुणी `18dp` अशी ठोकून बसवली असेल, तर रोमन अक्षरं त्यात नीट बसतील आणि मराठी अक्षरांचे शेंडे किंवा पाय कापले जातील. फोनवरचा अक्षरांचा आकार मोठा केलेला असेल तर हे आणखी लवकर होतं. वाचणाऱ्याला ‘दिन’ आणि ‘दीन’ किंवा ‘सुत’ आणि ‘सूत’ यांतला फरकच दिसत नाही.

म्हणून मराठीसाठी आणखी एक पायरी घालणं फायद्याचं ठरतं. आपली स्वतःची खोटी मराठी तयार करायची. मजकुराच्या फाईलची प्रत काढून एका छोट्या स्क्रिप्टने प्रत्येक वाक्याच्या जागी मुद्दाम उंच आणि खोल अक्षरं भरायची, कंस तसेच ठेवायचे आणि `%1$d` सारख्या खुणांना हात लावायचा नाही. खूण बिघडली तर ॲप बंद पडतं आणि खोट्या भाषेची चूक खऱ्या ॲपच्या माथी बसते. तयार नोंद अशी दिसते:

```xml
<string name="starts_in">[र्ष्ट्रीं ट्ठ्यूं %1$d ङ्क्ष्मू र्द्ध्वीं]</string>
```

ही फाईल `src/debug/res/values-mr/` या फोल्डरमध्ये ठेवली की ती फक्त चाचणीच्या ॲपमध्ये जाते. आता फोनची भाषा `मराठी` निवडायची आणि ओळींचे शेंडे-पाय तपासायचे. ठोकून बसवलेली उंची काढून तिथे `wrap_content` लिहिलं, म्हणजे मजकुरानुसार चौकट वाढू दिली, की बहुतेक काटछाट थांबते.

फोन खरोखरच मराठीत लावल्याने आणखी एक चूक वर येते. `en-XA` मध्ये ती दिसूच शकत नाही, आणि सगळ्यांत महाग तीच पडते. हिंदीसाठी अँड्रॉइड 1, 2, 3 असे आकडे वापरतं, पण मराठीचे ठरलेले आकडे देवनागरी आहेत. तिकिटाची रक्कम सर्व्हरला पाठवण्यापूर्वी कोडमध्ये असं काही लिहिलेलं असतं:

```kotlin
String.format("%.2f", amount)
```

फोन इंग्रजीत असताना यातून `250.00` निघतं. फोन मराठीत गेला की `२५०.००` निघतं. सर्व्हरला हे आकडे कळत नाहीत, तो विनंती नाकारतो आणि तिकीट निघत नाही. `2025-03-14` अशा साच्यात लिहिलेल्या तारखेचंही तेच होतं. पडद्यावर माणसाला दाखवायचे आकडे मराठीत असणं योग्यच, पण यंत्राने यंत्राला पाठवायचे आकडे भाषेवर अवलंबून असता कामा नयेत. तिथे `Locale.ROOT` असं स्पष्ट लिहावं लागतं:

```kotlin
String.format(Locale.ROOT, "%.2f", amount)
```

म्हणून खोट्या मराठीत नुसते पडदे चाळून भागत नाही. एक तिकीट शेवटपर्यंत काढून, पैसे भरून आणि रद्द करून पाहावं लागतं.

एवढं केल्यावरही एक गोष्ट उरते. इंग्रजीत `%1$s deleted` हे एकच वाक्य सगळ्यांना पुरतं. मराठीत फोटो हटवला जातो, फाईल हटवली जाते आणि तिकीट हटवलं जातं. खोट्या भाषेत या वाक्याला कंसांची एकच जोडी दिसेल, चौकटही पुरेल, सगळं ठीक वाटेल, आणि तरीही त्याचं बरोबर मराठी करता येणार नाही. लिंग असलेली भाषा जाणणाऱ्या माणसालाच हे दिसतं. त्यामुळे खोट्या मराठीची फेरी संपली की खरी फाईल पाठवण्याआधी भाषांतरकाराला अशा खुणा असलेल्या नोंदींची यादी द्यावी आणि प्रत्येक खुणेच्या जागी काय काय येऊ शकतं ते शेजारी लिहावं. मग तो एका नोंदीच्या तीन नोंदी मागेल, किंवा ‘काढून टाकण्यात यश आलं’ असं लिंग टाळणारं वाक्य सुचवेल. दोन्हींपैकी काय निवडायचं हे ठरवायला त्या वेळी अजून सवड असते, कारण कंस, चौकटी आणि आकडे यांची भांडणं आधीच मिटलेली असतात.