देवनागरी आणि संगणक : भाग ७
लाहेरी कुठे हरवली?

मागच्या आठवड्यात आपण पाहिले, की देवनागरीत अक्षराला जसा क्रमांक असतो, तसाच काना, मात्रा, वेलांटीलाही स्वतंत्र क्रमांक असतो. आज त्याच माहितीच्या आधारे एक तक्रार लिहू.

समजा, भामरागड तालुक्यातल्या नोंदींतले शब्द पायथनमध्ये मोजायचे आहेत. सायकिट-लर्न या लायब्ररीतले `CountVectorizer` ते काम करते. आपण भामरागड, हेमलकसा, लाहेरी ही नावे दिली. हाती आले ‘मर’, ‘गड’ आणि ‘मलकस’. लाहेरीचा तर पत्ताच नाही. ‘तुम्हाला मराठी वाचता येत नाही’ एवढेच कळवले, तर लायब्ररी सांभाळणारा विचारणारच, ‘दोष दिसेल असे लहानात लहान उदाहरण द्या.’

ते मिळवायचे छाटणी करून. एक गोष्ट काढायची, प्रोग्राम चालवायचा, दोष टिकला तर ती गोष्ट कायमची वगळायची. आधी फाइल काढली, नावे थेट लिहिली, दोष तसाच. मग एकटी लाहेरी ठेवली. शेवटी लायब्ररीही काढली आणि शब्द ओळखण्याचा तिचा नियम, `\w`, तेवढा ठेवला. उरल्या दोन ओळी:

```
import re
print(re.findall(r"\w+", "लाहेरी"))
```

उत्तर असे लिहावे:

“अपेक्षित: `['लाहेरी']`. प्रत्यक्षात: `['ल', 'ह', 'र']`. `Laheri` लिहिले तर शब्द अखंड राहतो. तुमच्या लायब्ररीशिवायही दोष दिसतो, म्हणून त्याचे मूळ पायथनच्या `re` मध्ये आहे. तुमचा नियम एकाक्षरी तुकडे टाकून देतो, म्हणून पूर्ण नाव गायब होते. `regex` हे मॉड्यूल वापरल्यास नाव अखंड येते.” सोबत पायथन आणि लायब्ररी या दोन्हींच्या आवृत्त्यांचे क्रमांक द्यावेत.

कारण असे: `re` मधला `\w` अक्षरे, अंक आणि अधोरेखा एवढ्यांनाच शब्दाचा भाग मानतो. युनिकोडमध्ये काना `Mc` या गटात, तर एकाराची मात्रा आणि हलन्त `Mn` या गटात मोडतात. ही चिन्हे अक्षरांत धरली जात नाहीत, म्हणून प्रत्येक मात्रेपाशी शब्द तुटतो. पायथनच्या नोंदवहीत देवनागरीची हीच तक्रार 2007 मध्ये 1693050 या क्रमांकाने नोंदली गेली. दुरुस्ती सोपी नाही, कारण `\w` चा अर्थ बदलला, तर त्यावर विसंबलेल्या जुन्या प्रोग्रामांची उत्तरेही बदलतील.

म्हणून छाटणी लायब्ररीपाशी थांबवू नका. ती काढल्यावरही दोष उरला, तर तक्रारीचा पत्ता बदलतो. आणि तोवर आपले काम चालवायला `CountVectorizer` च्या `tokenizer` मध्ये `regex` चा नियम देता येतो.