प्रायव्हसी नोटीस: एकेका वाक्याची फेरमांडणी

ॲपची प्रायव्हसी नोटीस हा कंपनीने वापरकर्त्याला द्यायचा हिशेब असतो. कोणती माहिती घेतली, कशासाठी घेतली, कोणाला दिली आणि किती काळ ठेवणार, या चार प्रश्नांची उत्तरे तिच्यात असायला हवीत. प्रत्यक्षात बहुतेक नोटिसा वकिलाने कंपनीच्या बचावासाठी लिहिलेल्या असतात. त्यामुळे त्यांतली वाक्ये शक्य तितकी मोघम ठेवलेली असतात.

भारताचा 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ही पद्धत चालू देत नाही. संमती मागताना भाषा स्पष्ट आणि सोपी असावी, आणि ती विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याची सोय असावी, असे कायदा सांगतो. नोव्हेंबर 2025 मध्ये आलेल्या नियमांनी त्यात भर घातली. नोटीस इतर कागदपत्रांच्या आधाराशिवाय समजली पाहिजे. घेतल्या जाणाऱ्या माहितीची बाबवार यादी आणि प्रत्येकीचा हेतू तिच्यात असला पाहिजे. या तरतुदी लागू होण्यासाठी कंपन्यांना 18 महिन्यांची मुदत आहे, त्यामुळे जुन्या नोटिसा नव्याने लिहिण्याचे काम आता अनेक कार्यालयांत सुरू होईल.

हे काम कसे करायचे ते पाहण्यासाठी किराणा घरपोच देणारे एक काल्पनिक ॲप घेऊ. पहिली पायरी लिहिण्याची नाही, विचारण्याची आहे. नोटीस लिहिणाऱ्याने ॲप बनवणाऱ्या प्रोग्रॅमरसमोर बसून त्याच्याकडून यादी घ्यायची असते. अँड्रॉइड ॲपच्या मॅनिफेस्ट नावाच्या फाइलमध्ये ते ॲप कोणत्या परवानग्या मागू शकते हे लिहिलेले असते. आपल्या किराणा ॲपमध्ये अशा तीन ओळी सापडल्या असे समजू:

```
android.permission.ACCESS_FINE_LOCATION
android.permission.READ_CONTACTS
android.permission.RECORD_AUDIO
```

म्हणजे हे ॲप फोनचे नेमके ठिकाण, संपर्कयादी आणि मायक्रोफोन मागते. याशिवाय जाहिराती दाखवण्यासाठी किंवा ॲप कुठे बंद पडते ते कळण्यासाठी बाहेरच्या कंपन्यांचे तयार कोड, ज्यांना एसडीके म्हणतात, आत बसवलेले असतात. ते स्वतंत्रपणे माहिती पाठवतात. अनेकदा नोटीस लिहिणाऱ्याला त्यांचा पत्ताही नसतो. ही यादी हाती आल्यावरच पहिल्या वाक्याला हात घालता येतो.

जुन्या नोटिशीचे पहिले वाक्य असे आहे: “उत्तम सेवा पुरविण्याकरिता आपली वैयक्तिक माहिती, जिच्यामध्ये संपर्क, स्थान व उपकरणविषयक माहितीचा समावेश असू शकतो परंतु जी तेवढ्यापुरती मर्यादित नाही, संकलित केली जाऊ शकते.”

या वाक्यात घेणारा दिसत नाही, घेण्याची वेळ दिसत नाही आणि यादीला शेवट नाही. ‘जाऊ शकते’ म्हटल्याने माहिती घेतली जाते की नाही हेही कळत नाही. युरोपीय संघाच्या नियामकांनी 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत अशी ‘शक्यते’ची भाषा टाळायला सांगितले आहे. म्हणून वाक्याचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यात कर्ता, वस्तू, वेळ आणि कारण आणायचे. पहिला तुकडा सोपा आहे: “तुम्ही ऑर्डर देता तेव्हा आम्ही तुमचे नाव, मोबाइल नंबर आणि घराचा पत्ता घेतो, कारण त्याशिवाय माल पोहोचवता येत नाही.”

ठिकाणाच्या तुकड्यावर मात्र थांबावे लागते. अँड्रॉइडमध्ये ठिकाण दोन प्रकारे घेता येते. अंदाजे ठिकाण म्हणजे साधारण तीन चौरस किलोमीटरचा परिसर, आणि नेमके ठिकाण म्हणजे बहुधा 50 मीटरच्या आतले, कधी कधी काही मीटरपर्यंतचे. ग्राहकाचा भाग कोणत्या दुकानातून माल घेतो हे ठरवायला अंदाजे ठिकाण बहुतेक वेळा पुरते, आणि दाराचा पत्ता तर ग्राहकाने आधीच लिहून दिलेला असतो. मग नेमके ठिकाण कशाला? ग्राहकाने ‘माझे ठिकाण वापरा’ हे बटण दाबून नकाशावर खूण करायची ठरवली तरच त्याची गरज आहे, असे उत्तर मिळाले, तर वाक्य होते: “तुम्ही ‘माझे ठिकाण वापरा’ हे बटण दाबले तरच आम्ही तुमचे नेमके ठिकाण, तेवढ्या वेळेपुरते घेतो. बटण न दाबता पत्ता लिहूनही ऑर्डर देता येते.” मायक्रोफोनचेही तसेच. बोलून शोधण्याची सोय वापरली तरच तो सुरू होत असेल, तर नोटिशीत नेमके तेच लिहायचे.

संपर्कयादीचे वाक्य लिहायला घेतले की ते जुळतच नाही. “आम्ही तुमच्या फोनमधली सगळी नावे आणि नंबर घेतो, कारण...” यापुढे ‘कारण तुम्ही मित्रांना ॲपचे आमंत्रण पाठवावे’ एवढेच लिहिता येते. कायद्यातल्या एका उदाहरणातही हाच प्रसंग आहे. फोनवरून वैद्यकीय सल्ला देणारे ॲप संपर्कयादी मागते. वापरकर्त्याने दोन्हीला होकार दिला तरी, सल्ल्यासाठी संपर्कयादीची गरज नसल्याने संमती सल्ल्याच्या सेवेपुरतीच मानली जाईल, असे तिथे म्हटले आहे. आमंत्रण तर फोनच्या नेहमीच्या ‘शेअर’ बटणानेही पाठवता येते, त्याला पूर्ण यादी वाचावी लागत नाही. इथे दुरुस्ती वाक्यात करायची नसते. परवानगीची ती ओळच ॲपमधून काढायची असते, म्हणजे वाक्याची गरज उरत नाही.

दुसरे जुने वाक्य: “आपली माहिती सेवा सुधारण्यासाठी व तत्सम हेतूंसाठी वापरली जाईल.” ‘सेवा सुधारणे’ या दोन शब्दांत कंपनीला काहीही बसवता येते. किराण्याची यादी निरुपद्रवी वाटते, पण तिच्यात लहान बाळाचे डायपर आले की घरात बाळ आहे हे कळते, आणि दर महिन्याला शुगर-फ्री आले की मधुमेहाचा अंदाज बांधता येतो. म्हणून प्रत्येक वापर वेगळा सांगावा लागतो: “तुम्ही मागे काय घेतले यावरून आम्ही ‘पुन्हा घ्या’ ही यादी दाखवतो. कोणता माल कोणत्या भागात किती खपतो हे पाहून दुकानात साठा ठरवतो. त्यासाठी तुमचे नाव लागत नाही. तुमच्या खरेदीवरून तुम्हाला जाहिराती दाखवायच्या असतील, तर आधी वेगळे विचारतो.” शेवटचे वाक्य लिहिण्यापूर्वी तसे विचारणारा पडदा ॲपमध्ये आहे याची खात्री करावी लागते.

तिसरे वाक्य ‘विश्वासू भागीदारां’चे. कोणाला काय जाते हे सांगायचे तर व्यक्तीनिहाय लिहिणे सोपे पडते. “माल आणणाऱ्या माणसाला तुमचे नाव, पत्ता आणि ऑर्डर दिसते. पैसे भरण्याचे काम पेमेंट कंपनी करते. तुमच्या कार्डाचा पूर्ण क्रमांक आम्ही साठवत नाही. शेवटचे चार अंक आणि बँकेचे नाव ठेवतो.” यातले शेवटचे वाक्य कंपनीच्या मोठेपणाचे नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ऑक्टोबर 2022 पासून दुकानदारांना कार्डाचा पूर्ण क्रमांक साठवता येत नाही.

जाहिरात कंपनीच्या बाबतीत “आम्ही तुमचे नाव देत नाही” हे वाक्य खरे असूनही फसवे ठरू शकते. फोनला एक जाहिरात-ओळख क्रमांक असतो. तो क्रमांक आणि खरेदी एकत्र गेली, तर नाव न देताही तोच फोन दुसऱ्या ॲपमध्ये ओळखता येतो. प्रामाणिक वाक्य असे: “जाहिरात कंपनीला तुमचे नाव जात नाही, पण तुमच्या फोनचा जाहिरात-क्रमांक आणि तुम्ही पाहिलेल्या वस्तू जातात. त्यावरून तुम्हाला इतर ॲपमध्येही जाहिराती दिसतात.”

चौथे वाक्य मुदतीचे: “आवश्यक असेल तोपर्यंत माहिती जतन केली जाईल.” ही मुदत कंपनीच्या सोयीची आहे. सगळ्या माहितीला एकच मुदत नसते, म्हणून बाबवार लिहावे लागते. बिले ठेवण्याची सक्ती जीएसटी कायद्याची आहे; त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून 72 महिने ती जपावी लागतात. आवाजाच्या रेकॉर्डिंगला असे कारण नाही. म्हणून “बिले कायद्याने सांगितलेल्या मुदतीपर्यंत, साधारण सात-आठ वर्षे ठेवतो, शोधासाठी बोललेला आवाज शोध संपताच पुसतो” असे लिहिता येते. मात्र सर्व्हरवर तो आवाज खरोखर पुसला जातो का, हे पुन्हा प्रोग्रॅमरलाच विचारावे लागते.

पाचवे वाक्य सर्वांत परिचित: “हे ॲप वापरत राहिल्यास आपण वरील अटी मान्य केल्या असे समजण्यात येईल.” हे सोपे करून लिहिण्यात अर्थ नाही. नव्या कायद्यात संमती स्पष्ट कृतीतून द्यावी लागते आणि ती देणे जितके सोपे, तितकेच परत घेणेही सोपे असावे लागते. वाक्याच्या जागी बटण येते, आणि त्याखाली: “होकार मागे घ्यायचा असल्यास ‘माझे खाते’ मध्ये ‘परवानग्या’ उघडा. तक्रारीची दखल घेतली नाही, तर तुम्ही डेटा संरक्षण मंडळाकडे जाऊ शकता.”

नवी नोटीस तयार झाली की तिची परीक्षा वाचकांकडून घ्यायची असते. “समजले का?” असे विचारले की बहुतेक जण होय म्हणतात, त्यातून काही कळत नाही. नोटीस वाचायला देऊन, मग बाजूला ठेवून, ठोस प्रश्न विचारावेत: “तुम्ही काय विकत घेता हे जाहिरात कंपनीला कळते का?”, “पत्ता लिहून, ठिकाण न देता ऑर्डर देता येईल का?” ज्या प्रश्नावर बरेच वाचक चुकतात, त्याचे वाक्य पुन्हा लिहायचे. या परीक्षेत सहसा दोन दोष उघडे पडतात. एक म्हणजे “तुमची गोपनीयता आम्हाला महत्त्वाची वाटते” अशी काहीच न सांगणारी वाक्ये. दुसरा म्हणजे ‘संकलन’, ‘प्रक्रिया’, ‘तृतीय पक्ष’ अशा शब्दांची जड मराठी, जी इंग्रजीइतकीच परकी वाटते.

भाषा आणि मांडणी या दोन्हींसाठी युरोपात दंड झाले आहेत. नेदरलँड्समध्ये 2021 साली टिकटॉकला साडेसात लाख युरोंचा दंड झाला, कारण डच मुले वापरत असलेल्या ॲपची नोटीस फक्त इंग्रजीत होती. त्याआधी 2019 च्या जानेवारीत फ्रान्सच्या नियामकाने गुगलला पाच कोटी युरोंचा दंड केला. त्यातला एक आक्षेप असा होता की, महत्त्वाची माहिती वेगवेगळ्या पानांवर विखुरलेली होती आणि तिच्यापर्यंत पोहोचायला कधी पाच-सहा टप्पे पार करावे लागत. म्हणूनच बाबवार यादी पहिल्याच पडद्यावर ठेवावी आणि तपशील तिच्या खाली उघडता यावेत.

सोपी केलेली नोटीस कंपनीला आपोआप सचोटीची बनवत नाही. ॲप लिहिल्याप्रमाणे वागते की नाही, हे शब्दांवरून सिद्ध होत नाही. पण वाचकाला एक तपासणी घरबसल्या करता येते. फोनच्या सेटिंग्जमध्ये त्या ॲपच्या परवानग्या उघडाव्यात आणि नोटिशीतल्या यादीशी ताडून पाहाव्यात. नोटिशीत कारण न सापडलेली परवानगी तिथल्या तिथे बंद करावी. ॲपला तिची खरोखर गरज असेल, तर ते पुन्हा विचारेल.