गिरणीचं बेअरिंग किती तास चालणार?

आमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीत पाच वर्षांत तीन वेळा मोटारीचं बेअरिंग गेलं. पहिलं दीड वर्षात, दुसरं दोन वर्षांत आणि तिसरं सव्वा वर्षातच. तिन्ही वेळा पट्ट्याकडच्या बाजूचंच. मोटार आधी बारीक कण्हायची, मग ओरडायची आणि शेवटी मिस्तरी पुलर घेऊन यायचा. "हल्ली मालच डुप्लिकेट येतो रे," असं गिरणीवाल्या काकांचं मत. बनावट बेअरिंगं बाजारात असतात हे खरं. पण त्यांच्यावर खापर फोडण्याआधी या बेअरिंगनं किती तास चालायला हवं होतं, हे तरी काढावं असं मला वाटलं. त्याला एक सूत्र आणि साधा कॅल्क्युलेटर पुरतो.

मोटार पाच हॉर्सपॉवरची, म्हणजे ३.७ किलोवॉटची, मिनिटाला १४४० फेरे घेणारी. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला होता : ६२०६. तीस मिलिमीटरच्या शाफ्टवर बसणारं हे साधं बॉल बेअरिंग. कॅटलॉग उघडला की या नंबरासमोर C असं अक्षर आणि १९,५०० न्यूटन असा आकडा सापडतो. कंपनीगणिक तो थोडा इकडेतिकडे होतो. एक किलो वजन म्हणजे ढोबळमानानं दहा न्यूटन, तेव्हा हा भार जवळजवळ दोन टनांचा झाला. इथं पुष्कळांची फसगत होते. त्यांना वाटतं, बेअरिंग दोन टन झेलतं. तसं मुळीच नाही. C म्हणजे असा भार, की जो सतत असेल तर एकसारख्या शंभर बेअरिंगांपैकी नव्वद तरी दहा लाख फेरे पुरे करतील. दहा लाख हा आकडा मोठा वाटतो, पण १४४० च्या वेगानं ते फेरे साडेअकरा तासांत संपतात. शिवाय हा भार निव्वळ हिशेबापुरता आहे. त्याच कॅटलॉगात याच बेअरिंगचा उभ्या स्थितीतला, म्हणजे न फिरता सोसायचा भार ११,३०० न्यूटनच दिलेला असतो. त्याच्या पलीकडे गोळ्यांचे ठसे रेसवर कायमचे उमटण्याची भीती सुरू होते. C ही मोजपट्टी आहे, परवानगी नव्हे.

त्या मोजपट्टीनं मोजायचं कसं, ते हे सूत्र सांगतं :

```
L10h = (10^6 / (60 × n)) × (C / P)^3
```

n म्हणजे मिनिटाला होणारे फेरे आणि P म्हणजे बेअरिंगवर प्रत्यक्ष येणारा भार. C ला P नं भागायचं, आलेल्या आकड्याचा घन करायचा, की आयुष्य दशलक्ष फेऱ्यांत मिळतं. पुढचा भाग फेऱ्यांचे तास करण्यापुरता. रोलर बेअरिंग असेल तर घनाऐवजी घात १०/३ घ्यायचा, कारण गोळा रेसला बिंदूत टेकतो आणि रोलर रेषेत. या सूत्रामागचा सिद्धांत १९४७ साली गुस्ताफ लुंडबर्ग आणि आर्विड पाल्मग्रेन या दोन स्वीडिश संशोधकांनी मांडला. आज आयएसओ २८१ या आंतरराष्ट्रीय मानकात तेच सूत्र पायाला आहे.

सूत्रात C छापील मिळतो, n मोटारीच्या पाटीवर असतो. अडतं ते P पाशी. भार कोणी पाटीवर लिहून ठेवत नाही. तो आपल्यालाच काढावा लागतो.

गिरणीत हा भार पट्ट्यातून येतो. ३.७ किलोवॉट आणि १४४० फेरे यांवरून शाफ्टचा पीळ निघतो साडेचोवीस न्यूटन-मीटर. मोटारीवर मूळची पुली १०० मिलिमीटर व्यासाची, म्हणजे त्रिज्या ५० मिलिमीटर. पिळाला त्रिज्येनं भागलं की पट्ट्याची कामाची ओढ मिळते : सुमारे ४९० न्यूटन. पण पट्टा घसरू नये म्हणून त्याची सैल बाजूही ताणलेलीच असते आणि दोन्ही बाजू शाफ्टला एकाच दिशेला खेचतात. व्ही-पट्टा नीट ताणलेला असेल तर शाफ्टवरची ओढ कामाच्या ओढीच्या दुप्पट धरायची, असा अंदाज पुरतो. म्हणजे हजार न्यूटन.

तरी हा अजून बेअरिंगवरचा भार नाही. पुली बेअरिंगच्या बाहेर लटकलेली असते. या मोटारीत दोन बेअरिंगांमध्ये २०० मिलिमीटर अंतर होतं आणि पुलीचा मध्य पुढच्या बेअरिंगपासून ६० मिलिमीटर बाहेर. पहारीनं दगड उचलताना टेकूवर जसा आपल्या जोरापेक्षा जास्त भार येतो, तसंच इथंही होतं. पुढच्या बेअरिंगवर ओढीच्या २६० भागिले २०० पट, म्हणजे १३०० न्यूटन येतात. रोटरचं वजन त्यापुढे किरकोळ, म्हणून सोडून दिलं. पट्टा शाफ्टला आडवाच खेचतो, लांबीच्या दिशेनं रेटत नाही, त्यामुळे P तेवढाच राहिला.

आता १९,५०० भागिले १३०० बरोबर १५. पंधराचा घन ३३७५. इतके दशलक्ष फेरे १४४० च्या वेगानं घ्यायला सुमारे ३९,००० तास लागतात. गिरणी रोज दहा तास आणि वर्षाला तीनशे दिवस चालते असं धरलं तर तेरा वर्षं!

या तेरा वर्षांचा अर्थ मात्र नीट समजून घ्यायला हवा. हे एकाच बेअरिंगचं भविष्य नाही. L10 मधला दहा हेच सांगतो, की अशा शंभर गिरण्यांमध्ये त्या मुदतीच्या आत दहा बेअरिंगं जाऊ शकतात. कुठलं आधी जाईल हे कोणालाच सांगता येत नाही. उलट निम्मी बेअरिंगं जायला ढोबळमानानं याच्या चार-पाच पट काळ लागतो. म्हणून एकदा बेअरिंग लवकर गेलं तर ते नशीब म्हणून सोडून देता येतं. पण तेरा वर्षांचं बेअरिंग दोन वर्षांच्या आत लागोपाठ तीनदा जातं, तेव्हा गृहीत धरलेला भार चुकलेला असतो, नाहीतर बेअरिंग भाराशिवाय दुसऱ्याच कारणानं मरत असतं.

यातलं कुठलं, हे बेअरिंगच सांगतं. काकांनी तिसरं बेअरिंग डब्यात ठेवलं होतं. ते कापून आतून पाहिलं. पिठाची धूळ शिरली असती तर रेस सगळीकडून मळकी, बारीक खड्ड्यांनी भरलेली दिसली असती. शाफ्ट वाकडा असता तर गोळ्यांची वाट तिरकी पडली असती. इथं आतल्या रेसची वाट सरळ होती आणि बाहेरच्या रेसवर फक्त पट्ट्याच्या बाजूच्या कमानीत पोलादाचे पापुद्रे सुटले होते. उरलेली रेस चकचकीत. वरचेवर भार पडून पृष्ठभागाच्या किंचित खाली तडा जन्मतो, तो वर येतो आणि पापुद्रा सुटतो. सूत्र ज्या मरणाचे तास मोजतं, ते नेमकं हेच. म्हणजे बेअरिंग थकून गेलं होतं, फक्त भार माझ्या हिशेबातला नव्हता.

मग मोटारीजवळ वाकून पाहिलं. पुली १०० ची नव्हती, ७५ ची होती. "जुनी फुटली, त्या दिवशी दुकानात हीच मिळाली," काका म्हणाले. दगडाचा वेग उतरला, म्हणून ते दाणा जास्त सोडू लागले आणि मोटार पूर्वीइतकीच जोर लावत राहिली. लहान पुलीला पट्टा कमी बिलगतो, शिवाय तोच पीळ द्यायला त्याला जास्त ओढावं लागतं. साहजिकच पट्टा घसरू लागला, तेव्हा मिस्तरीनं मोटार मागे सरकवून तो तारेसारखा ताणून दिला. बोटानं दाबला तर दबेचना.

पुली लहान झाल्यानं ओढ चार-तृतीयांश झाली. ताण दुप्पट झाला असं धरलं, तर भार १३०० वरून ३४६७ न्यूटनवर गेला. आता १९,५०० भागिले ३४६७ म्हणजे ५.६२५, त्याचा घन १७८ आणि तास फक्त २०६०. तेरा वर्षांवरून आठ महिन्यांवर! भार पावणेतीनपटही झाला नाही आणि आयुष्य एकोणिसाव्या हिश्श्यावर आलं. घनाचं गणित असं निर्दय असतं : भार २६ टक्क्यांनी वाढला तरी आयुष्य निम्मं होतं. काकांची तिन्ही बेअरिंगं पावणेचार ते सहा हजार तास चालली होती, म्हणजे २०६० तासांची मुदत ओलांडून गेली होती आणि निम्मी जाण्याच्या आठ-दहा हजार तासांच्या आत पडली होती. सूत्राला धरूनच. माल डुप्लिकेट नव्हता.

मिस्तरीनं मात्र वेगळाच उपाय सुचवला होता : त्याच शाफ्टवर बसणारं पण जाडजूड ६३०६ घाला. त्याचा C २६,७०० न्यूटन आहे. त्याच वाढीव भारावर हिशेब केला तर आयुष्य ५३०० तासांच्या आसपास येतं. फायदा अडीचपट, आणि त्यासाठी मोटारीच्या झाकणातलं घर ६२ वरून ७२ मिलिमीटरला कोरून घ्यायचं. पुली बदलून पट्टा सैल केला तर एकोणीसपट. खर्च एका पुलीचा.

काकांनी १०० ची पुली बसवली. पट्टा ताणताना दोन पुलींमधल्या मोकळ्या लांबीच्या बरोबर मध्यावर ताणकाट्यानं, पट्ट्याच्या कंपनीच्या तक्त्यात दिलेल्या जोरानं खेचायचं. मीटरभर लांबीला पट्टा सोळा मिलिमीटर दबला की ताण बेताचा. नवा पट्टा पहिल्या काही दिवसांत सैलावतो, तेव्हा पुन्हा एकदा तपासायचा.

जाता जाता गंमत म्हणून मोटारीच्या मागच्या बेअरिंगचाही हिशेब केला. तेही ६२०६ च, पण नीट ताणलेल्या पट्ट्यानं त्याच्यावर तीनशेच न्यूटन येतात. १९,५०० भागिले ३०० म्हणजे ६५, त्याचा घन पावणेतीन लाख, आणि काकांच्या गिरणीच्या हिशेबानं वर्षं निघाली हजाराच्या वर. काका हसले. पण असा आकडा चुकीचा नसतो. तो एवढंच सांगतो, की हे बेअरिंग भारानं थकून कधीच जाणार नाही. ते जाईल आतलं ग्रीस वाळून कडक झाल्यानं किंवा पिठाची धूळ शिरल्यानं, आणि या दोन्हींना सूत्रात जागाच नाही. मागचं झाकण उघडलं तर ग्रीस काळं पडून खडबडीत झालं होतं, कडेला पिठाचा पांढरा थर. बेअरिंगमध्ये प्ले आलेला नव्हता, तरी तेही त्याच दिवशी बदललं.