भाषा बदलली, मजकूर तोच

तलवारबाजीत दोन ऑलिम्पिक सुवर्णपदकं, आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचं सदस्यत्व आणि शेवटी हंगेरीचं राष्ट्राध्यक्षपद, इतकं सगळं पाल श्मिट यांच्या नावावर होतं. आधुनिक ऑलिम्पिकच्या कार्यक्रमाचं विश्लेषण करणारा त्यांचा १९९२चा डॉक्टरेटचा प्रबंधही होता. जानेवारी २०१२ मध्ये ‘हाव्हेगे’ (HVG) या हंगेरियन साप्ताहिकाने या २१५ पानी प्रबंधाची झाडाझडती घेतली. निकोलाय गेओर्गिएव्ह या बल्गेरियन क्रीडा अभ्यासकाचं फ्रेंचमधलं एक काम शेजारी ठेवलं, तेव्हा प्रबंधाचा बहुतांश भाग त्याचंच हंगेरियन भाषांतर असल्याचं साप्ताहिकाने दाखवून दिलं.

श्मिट यांच्या बाजूने बचाव झाला तो असा, की दोघांचा विषय एक आणि आधारसामग्रीही एकच, मग काही भाग सारखा दिसणारच. बचाव वरवर पटण्यासारखा आहे. अमुक खेळ अमुक साली ऑलिम्पिकमध्ये आला, ही माहिती कुणाच्या मालकीची नाही आणि ती दोघांच्या लिखाणात सारखीच असणार. पण त्या माहितीतून कोणते खेळ निवडायचे, त्यांचे गट कसे पाडायचे, कोणता मुद्दा आधी घ्यायचा आणि त्यावरून निष्कर्ष काय काढायचा, हे प्रत्येक अभ्यासक स्वतः ठरवतो. दोन माणसं स्वतंत्रपणे बसली, तर हे सगळं पानामागून पान जुळत नाही. सेमेलवाइस विद्यापीठाच्या चौकशी समितीला १८० पानांवर गेओर्गिएव्ह यांच्या कामाशी अंशतः साम्य आढळलं, आणि आणखी १७ पानं क्लाउस हाइनमान या जर्मन अभ्यासकाच्या लेखनाशी जुळली. २९ मार्च २०१२ रोजी विद्यापीठाने पदवी काढून घेतली. २ एप्रिलला श्मिट यांनी राष्ट्राध्यक्षपद सोडलं.

‘शब्द तर माझेच आहेत’ हा युक्तिवाद अशा वेळी हमखास पुढे येतो.

समजा, एखाद्या फ्रेंच लेखिकेने पन्नास वर्षांच्या नोंदी चाळून नव्याने आलेल्या खेळांचे तीन गट पाडले: यजमान देशाच्या आग्रहाने आलेले, दूरचित्रवाणीच्या सोयीने आलेले आणि महिलांच्या सहभागासाठी आलेले. मराठी विद्यार्थ्याने लिहिलं, ‘ऑलिम्पिकमध्ये खेळांचा समावेश प्रामुख्याने तीन कारणांनी झालेला दिसतो,’ आणि तीच कारणं त्याच क्रमाने मांडली. वाक्यं अस्सल मराठी आहेत. पण ‘दिसतो’ म्हणजे कुणाला दिसतो? नोंदी तिने चाळल्या, गट तिने पाडले. वाचणाऱ्याला मात्र ते श्रम विद्यार्थ्याचे वाटतात. वाङ्मयचौर्य होतं ते इथे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांतही दुसऱ्याचं काम किंवा कल्पना स्वतःची म्हणून पुढे करणं अशीच त्याची व्याख्या आहे. शब्दांबरोबर कल्पनाही तीत येते, त्यामुळे भाषा बदलून सुटका होत नाही.

त्याच नियमांत साम्याच्या टक्केवारीनुसार शिक्षा ठरवून दिल्या आहेत. प्रबंधात साम्य ६० टक्क्यांहून जास्त निघालं, तर विद्यार्थ्याची नोंदणीच रद्द होते. अडचण अशी, की साम्य शोधणारी नेहमीची सॉफ्टवेअर शब्दांच्या ओळी जुळवून पाहतात. मूळ फ्रेंच आणि प्रबंध मराठी असेल, तर अहवाल जवळजवळ कोरा येऊ शकतो. कोऱ्या अहवालाचा अर्थ चोरी नाही असा होत नाही. जाणकार परीक्षक म्हणून दुसऱ्या खुणा शोधतो. संदर्भसूचीत फ्रेंच आणि जर्मन ग्रंथांची रांग असते, पण विद्यार्थ्याला त्या भाषा येत नाहीत. परक्या नावांचं लेखन दर प्रकरणात बदलतं. ‘मागील तक्त्यात दाखवल्याप्रमाणे’ असं वाक्य येतं आणि मागे तक्ताच नसतो. मूळ लेखातली चुकीची तारीख चुकीसकट उतरलेली सापडली, तर फारसं काही सिद्ध करायचं उरत नाही.

परभाषेतला लेख वापरायला हरकत काहीच नाही. वरच्या उदाहरणात ‘या खेळांचे अमुक लेखिकेने तीन गट पाडले आहेत’ असं लिहून तिथल्या तिथे लेख, वर्ष आणि पान नोंदवलं की श्रेय जागेवर जातं. शब्दशः भाषांतर असेल तर उतारा अवतरणात घालून ‘भाषांतर प्रस्तुत लेखकाचे’ अशी नोंद करावी. शेवटच्या सूचीत नुसतं नाव घालून भागत नाही, कारण कोणतं पान कुणाच्या जिवावर उभं आहे ते सूचीवरून कळत नाही.

अख्खा लेखच मराठीत आणायचा असेल, तर मात्र श्रेय देऊनही काम पुरं होत नाही. १९५७च्या भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार भाषांतर करण्याचा हक्क मूळ हक्कधारकाकडे असतो. म्हणून ज्या लेखाचा कॉपीराइट अजून संपलेला नाही, त्याचं भाषांतर छापायचं तर आधी परवानगी मागावी लागते.