हप्त्यांची खरेदी, पण बिल पूर्ण रकमेचे

क्रेडिट कार्डावर 36,000 रुपयांचा फ्रिज सहा हप्त्यांत घेतला, तरी सुरुवातीला पूर्ण रक्कमच कार्डावर दिसते. बँक ती काही कामकाजाच्या दिवसांनंतर हप्त्यांत बदलते. म्हणून लगेच घाबरण्याचे कारण नसते. बिल तयार झाल्यावरही 36,000 एकरकमी दिसत असतील, तर मात्र रूपांतर झालेले नाही.

अशा वेळी आधी पावती पाहावी. तिच्यावर हप्त्यांची मुदत आणि व्याजदर छापलेला असेल, तर व्यवहार हप्त्यांचाच होता. ती पावती जोडून बँकेकडे लेखी तक्रार करावी आणि तक्रार क्रमांक घ्यावा. पावतीवर तसे काही नसेल, तर दुकानदाराने साधा व्यवहार केलेला असतो. तेव्हा बँकेच्या ॲपमधून किंवा फोनवरून स्वतः रूपांतर मागता येते, पण त्यावर व्याज, प्रक्रिया शुल्क आणि जीएसटी लागतो, आणि ‘बिनव्याजी’ योजनेची सवलत बहुधा हातची जाते. ती हवी असेल, तर दुकानदाराकडून व्यवहार रद्द करून नव्याने करून घेणेच बरे.

हे सारे देय तारखेपूर्वी करावे. नुसती किमान रक्कम भरून थांबल्यास उरलेल्या रकमेवर कार्डाचे जबर व्याज चढते. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते.