बाळाच्या खेळायच्या कोपऱ्यासाठी हॉलचा फोटो कसा काढायचा आणि त्यात काय शोधायचं?

मूल पावलं टाकायला लागलं की आपण उभ्यानेच हॉलवर नजर फिरवतो आणि सगळं ठीक वाटतं. पण वर्षभराच्या मुलाची उंची साधारण ७५ सेंटीमीटर असते. त्याला दिसणारा हॉल वेगळा असतो. म्हणून आधी जमिनीवर बसा, मोबाईल गुडघ्याच्या उंचीवर धरा आणि हॉलच्या चारही बाजूंचे फोटो काढा. रोजच्या सवयीने नजरेआड झालेल्या गोष्टी फोटोत दिसतात.

उदाहरणादाखल एका फ्लॅटमधला १० बाय १२ फुटांचा हॉल घेऊ. फोटोत डावीकडे सोफा, मधोमध काचेचा टीपॉय, उजवीकडे टीव्ही युनिट, त्याच्या बाजूला लोंबणारी वायर आणि जमिनीवर पडलेला एक्स्टेंशन बोर्ड दिसतो. सोफ्यामागच्या भिंतीत, जमिनीपासून फूटभर उंचीवर एक रिकामं सॉकेट आहे. खाली गुळगुळीत टाइल्स आहेत.

टोकदार कडा

टीपॉयची उंची सहसा ४० ते ४५ सेंटीमीटर असते. चालता चालता तोल गेला की मुलाचं तोंड किंवा कपाळ नेमकं त्याच्या कोपऱ्यावर येतं. फोमचे कॉर्नर गार्ड लावता येतात, पण कडा आधी पुसून पूर्ण कोरडी करा आणि चिकटवल्यावर एक दिवस हात लावू नका. नाहीतर दोन दिवसांत गार्ड निघतो आणि मूल तो चघळायला लागतं. दर आठवड्याला गार्ड ओढून पाहा. सैल झालेला किंवा दातांनी कुरतडलेला गार्ड लगेच काढून टाका, कारण फोमचा तुकडा घशात अडकू शकतो.

गार्डने कोपरा झाकला जातो, काच फुटायची थांबत नाही. त्यामुळे या हॉलमध्ये योग्य उपाय एकच: मूल मोठं होईपर्यंत टीपॉय बेडरूममध्ये हलवणं.

सॉकेट आणि वायर

बाजारात मिळणारी प्लास्टिकची सॉकेट कव्हर स्वस्त असतात, पण ती घेताना दोन गोष्टी बघा. ६ अँपिअर आणि १६ अँपिअरच्या सॉकेटची भोकं वेगवेगळ्या आकाराची असतात, त्यामुळे चुकीचं कव्हर सैल बसतं. आणि सैल कव्हर मुलाने उपटलं, तर तेच तोंडात जातं. टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून जी वस्तू आरपार जाते, ती लहान मुलासाठी घशात अडकण्याइतकी लहान समजा.

शटर असलेलं सॉकेट इलेक्ट्रिशियनकडून बसवून घेणं जास्त खात्रीचं. त्यात भोकांवर आतून पडदा असतो. बटण बंद ठेवण्यावर विसंबू नका, कारण मुलं बटणंच आधी दाबतात. मुख्य बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी आहे का, हेही विचारा. एमसीबी वायरिंगला जास्त करंटपासून वाचवतो, पण माणसाला शॉक बसला तर त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. ते काम आरसीसीबीचं. त्यावरचं टेस्ट बटण दाबल्यावर वीज गेली नाही, तर तो बदलायला हवा.

फोटोतला एक्स्टेंशन बोर्ड युनिटच्या मागे, मुलाचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर पक्का बसवा. लोंबती वायर ओढली तर तिच्या टोकाची वस्तू अंगावर येते, म्हणून ती भिंतीला क्लिपने धरा.

मॅट

जोडायच्या फोम मॅटचे २ बाय २ फुटांचे सहा तुकडे घेतले, तर ४ बाय ६ फुटांची जागा तयार होते. या हॉलमध्ये ती सोफ्यासमोर, टीव्ही युनिटपासून दूर बसते आणि मागचं सॉकेट सोफ्याआड राहतं. मॅटची कड आणि कठीण फर्निचर यांच्यात मुलाच्या उंचीएवढं अंतर ठेवा, म्हणजे कडेवर उभं असताना ते आडवं पडलं तरी डोकं फर्निचरवर आपटत नाही.

अक्षरं किंवा आकडे सुटे निघणारी मॅट या वयात नको. खूप मऊ मॅटही नको, कारण पाऊल रुततं आणि नुकतं चालणारं मूल जास्त अडखळतं. पायाने ढकलून पाहा. टाइल्सवर मॅट सरकत असेल, तर खाली घसरणरोधक जाळी टाका. नव्या मॅटला उग्र वास येत असेल, तर तो जाईपर्यंत ती गॅलरीत उघडी ठेवा. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा मॅट उचलून खालची ओल पुसा, नाहीतर बुरशी धरते.

सगळं झालं की पुन्हा जमिनीवर बसून त्याच जागेवरून फोटो काढा आणि जुन्याशी ताडून बघा. मूल सोफ्यावर चढायला लागलं की मात्र हा फोटो जुना झाला. तेव्हा मोबाईल सोफ्याच्या उंचीवर धरून नवा काढावा लागेल.