ओठ आधी, आवाज मागून

वाशीम जिल्ह्यातील एखाद्या जिल्हा परिषद शाळेचा सातवीचा वर्ग डोळ्यांपुढे आणा. लॅपटॉपला केबलने प्रोजेक्टर जोडला आहे, मागच्या बाकापर्यंत ऐकू यावे म्हणून ब्लूटूथ स्पीकरही लावला आहे. पडद्यावर हातोडा घंटेवर आदळतो, पण ठण्ण आवाज मात्र क्षणभराने येतो. ध्वनीचा धडा शिकताना मुलांच्या मनात नेमका गोंधळ इथेच होतो.

दोष बहुधा ना प्रोजेक्टरचा असतो, ना व्हिडिओचा. चित्र केबलमधून जवळजवळ लगेच पोहोचते. आवाजाला मात्र वळसा पडतो. लॅपटॉप तो आकसून लहान तुकड्यांत पाठवतो; स्पीकर मध्येच खंड पडू नये म्हणून थोडा साठा करतो, उलगडतो आणि मग वाजवतो. यात साधारण 150 ते 250 मिलिसेकंद जातात. 200 मिलिसेकंद म्हणजे सुमारे 68 मीटरवरून आलेल्या आवाजाइतका उशीर. विजेनंतर गडगडाट ऐकायची सवय असल्याने उशिरा आलेला आवाज मेंदू काहीसा खपवून घेतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या निकषानुसार आवाज 45 मिलिसेकंद आधी आला तरी जाणवतो; उशीर मात्र 125 मिलिसेकंदांच्या पुढे गेल्यावर खटकतो.

तपासणी सोपी आहे. एका मुलाला टाळी वाजवायला सांगून मोबाइलवर चित्रित करा आणि तो व्हिडिओ लॅपटॉपवर VLC मध्ये लावा. आवाज मागे असेल तर J दाबा. एकदा दाबले की आवाज 50 मिलिसेकंद पुढे सरकतो आणि पडद्यावर उणे आकडा दिसतो. चार वेळा दाबून टाळी जुळली, तर उशीर 200 मिलिसेकंदांचा होता. जास्त झाले तर K दाबून मागे या. नवा व्हिडिओ लावला की पुन्हा तपासावे.

काही उपकरणांत ‘आवाज उशिरा करा’ अशी सोय असते. तिने इथे दुखणे वाढेल, कारण आवाज आधीच मागे आहे. थेट प्रक्षेपणात किंवा माइकवर बोलताना तर आवाज पुढे ओढताच येत नाही, कारण तो अजून निर्माणच झालेला नसतो. तिथे लॅपटॉपच्या हेडफोनच्या छिद्रातून स्पीकरला वायर जोडणे हाच खरा उपाय.

आवाज अजिबातच नसेल तर आधी लॅपटॉपच्या पडद्यावरील स्पीकरचे चिन्ह उघडा. एचडीएमआय केबल जोडताच लॅपटॉप अनेकदा आवाज प्रोजेक्टरकडे वळवतो; यादीतून ब्लूटूथ स्पीकर निवडला की तो परत येतो. यादीत स्पीकरच नसेल, तर तो आधी जोडलेल्या एखाद्या मोबाइलला चिकटलेला असू शकतो. त्या मोबाइलचे ब्लूटूथ बंद करून पाहावे.